गाडी कुठं लावायची ते आधी लिही

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी सोलापूरला माहेरी आले, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. येताना बॅगेत तिच्यासाठी वॉकर होता आणि लॅपटॉपमध्ये एक अर्धवट काम. अमेरिकेत आम्ही ज्या गावात राहतो तिथल्या मराठी मंडळाची मी यंदाची सचिव, आणि गणेशोत्सवाचं निवेदन लिहून तिकीटविक्री सुरू करणं माझ्याकडं होतं. सजावटीला, नाटकाला, मोदकांना माणसं मिळतात. निवेदन लिहायला कुणी हात वर करत नाही, कारण त्यातली प्रत्येक चूक नंतर लिहिणाऱ्याच्या फोनवर येते.

पहिला मसुदा मी विमानतळावरच लिहिला होता. 'सर्व मराठी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार', मग बाप्पाच्या आगमनाची चाहूल, परदेशात संस्कृती जपण्याची आपली धडपड, आणि असं करत करत तारीख तिसऱ्या परिच्छेदात. घरी आल्यावर अप्पांना वाचायला दिला. अप्पा टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होते आणि आमच्या बोळातल्या मंडळाचे बावीस वर्षं खजिनदार. सोलापुरातल्या 'आजोबा गणपती' या सार्वजनिक गणपतीची स्थापना १८८५ सालची सांगतात, त्यामुळं सार्वजनिक गणपती कसा बसवायचा हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही असं इथल्या प्रत्येक माणसाला वाटतं. अप्पांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, "गाडी कुठं लावायची ते कुठाय की यात?"

शेवटी होतं ते. 'पार्किंगची सोय शाळेच्या आवारात आहे,' एवढं एक वाक्य.

"मागच्या वर्षी गाड्या उचलून नेल्या म्हणालीस ना? मग ते आधी लिही. बाप्पा येणार हे सगळ्यांना माहीत आहे."

मागच्या वर्षी खरंच तीन गाड्या उचलल्या होत्या. आम्ही कार्यक्रमासाठी सरकारी हायस्कूल भाड्यानं घेतो. इमारतीच्या कडेनं लाल पट्टे मारलेला रस्ता असतो, तो अग्निशमन दलाच्या गाडीसाठी मोकळा ठेवावा लागतो. आरतीला उशीर झालेल्या मंडळींनी 'पाचच मिनिटं' म्हणून तिथं गाड्या लावल्या. आत 'घालीन लोटांगण' चाललं होतं आणि बाहेर टो ट्रक. प्रत्येकाला दंड आणि ट्रकचं भाडं धरून अडीचशे डॉलरच्या आसपास भुर्दंड पडला, आणि वर्षभर मंडळाच्या नावानं बोटं मोडणं झालं ते वेगळंच. त्यांचंही पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. शाळेचा पत्ता मॅपवर टाकला की मॅप तुम्हाला मोठ्या रस्त्यावरच्या पुढच्या दाराशी नेऊन सोडतो. पार्किंग मागच्या बाजूला, दुसऱ्याच रस्त्यावरून आत जाऊन. लाल पट्टा नेमका पुढच्या दाराशी.

म्हणून अप्पांच्या पलंगाशेजारी टेबल मांडून मी निवेदन मागच्या टोकाकडून लिहायला घेतलं. आधी जागेचा हिशेब, मग तिकिटं, मग माणसं. 'सप्रेम नमस्कार' राहिला.

तारखेचा घोळ त्याआधीच मिटला होता. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. तिकडं बुधवारी सुट्टी कोण देणार? मूर्ती घराघरांत बसते, मंडळाचा कार्यक्रम शनिवारीच. जवळचा शनिवार ३० ऑगस्ट, पण सोमवारी १ सप्टेंबरला लेबर डे, म्हणजे तीन दिवसांची सुट्टी. निम्मं गाव तंबू आणि कूलर घेऊन बाहेर पडतं, आणि शाळेचे कर्मचारी त्या दिवशी आलेच तर जादा दरानं. म्हणून पुढचा शनिवार ६ सप्टेंबर, आणि ती नेमकी अनंत चतुर्दशी निघाली. अप्पांनी दाते पंचांग काढून बघितलं आणि म्हणाले, "सातला ग्रहण आहे." सोलापुरात दिसणार होतं, आमच्याकडं दिसणार नव्हतं. जिथं ग्रहण दिसतच नाही तिथं त्याचे वेध पाळत नाहीत हे त्यांनीच मग मला सांगितलं, आणि दोन दिवसांनी हाच प्रश्न मंडळाच्या ग्रुपवर आला तेव्हा मी अप्पांचं उत्तर जसंच्या तसं चिकटवलं.

आता जागा. शाळेच्या नाट्यगृहात ५२० खुर्च्या. भोजनगृहाच्या दाराशी अग्निशमन विभागाची पाटी आहे, २६० माणसांची. त्यापेक्षा जास्त माणसं आत दिसली तर कार्यक्रम थांबवायचा अधिकार त्यांना आहे, आणि ती संख्या डोकी मोजते, तिकिटं नाही. मागच्या वर्षी आमची चूक झाली ती इथंच. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत, म्हणून त्यांची नोंदच घेतली नव्हती. कार्यक्रमाच्या दिवशी अशी ६३ मुलं आली. मूल मोफत असलं तरी ते बाबांच्या मांडीवर तासभर बसत नाही, त्याला खुर्ची लागते, आणि आई त्याच्यासाठी वेगळं ताट घेते. यंदा मी मोफत तिकीटसुद्धा नोंदवायला लावलं. शून्य डॉलरचं, पण नावानिशी. यावर समितीतल्या एकाचं म्हणणं होतं की लोकांना उगाच त्रास. अप्पा म्हणाले, "आपल्याकडं मुंजीला मुलं धरून पानं मोजत नाहीत का?" मी समितीला हे सांगितलं नाही, पण मत मात्र हेच धरलं.

५२० पैकी २० जागा पाहुणे आणि ऐन वेळच्या अडचणींसाठी राखल्या आणि ५०० तिकिटं विकायची ठरवली. भोजनगृहात २६०, म्हणजे दोन पंगती झाल्याच. पहिली सव्वाबारा ते एक, मग पंधरा मिनिटं टेबलं पुसायला, दुसरी सव्वा ते दोन. तिकीट घेतानाच पंगत निवडायची आणि दाराशी हाताला पट्टी बांधायची, पहिलीला केशरी, दुसरीला हिरवी. ऐकायला सोपं. पण पहिली पंगत जेवत असताना बाकीची अडीचशे माणसं करणार काय? त्यांना नाट्यगृहात काहीतरी लागतं, आणि तिथं लहान मुलांचे नाच ठेवले होते. आता ज्या घरातलं पोर नाचणार, ते आई-बाप केशरी पट्टी बांधून वरण-भात खात बसले तर? हे मला सुचलं नव्हतं. माझ्या बहिणीनं सुचवलं, तीही चहा गाळता गाळता. मग निवेदनात एक ओळ घातली: मुलांच्या कार्यक्रमात भाग घेणाऱ्या कुटुंबांनी हिरवीच निवडावी.

गाड्यांच्या हिशेबाला मागच्या वर्षीचा एक कागद कामी आला. पार्किंगवर उभ्या राहिलेल्या एका कॉलेजच्या मुलानं कंटाळून गाड्या मोजल्या होत्या. ४१० माणसं, १६० गाड्या. म्हणजे एका गाडीत अडीच माणसं. आपण घरटी चार धरतो, पण आई सकाळी सजावटीला वेगळी येते, बाबा मुलांना घेऊन मागाहून, आणि एकटे विद्यार्थी निराळेच. ५०० माणसांना २०० गाड्या लागणार. शाळेच्या मागच्या आवारात आखलेल्या जागा १९०. चला, दहाचाच प्रश्न, असं म्हणेपर्यंत शाळेच्या कार्यालयाचं पत्र आलं की त्या शनिवारी दुपारी बारापर्यंत फुटबॉलचा सराव आहे आणि ६० जागा खेळाडूंच्या पालकांसाठी राखीव. राहिल्या १३०. सत्तर गाड्या हवेत.

सत्तर गाड्यांना जागा आम्ही अर्ध्या मैलावरच्या चर्चच्या आवारात मिळवली. चर्चला गर्दी रविवारी, आमचा कार्यक्रम शनिवारी, त्यामुळं त्यांची हरकत नव्हती, फक्त लेखी विनंती आणि मंडळाच्या विम्याची प्रत द्यावी लागली. असा विमा शाळेलाही दाखवावा लागतो. तिथून शाळेपर्यंत मंडळातल्याच दोन मिनीव्हॅन दर पंधरा मिनिटांनी. जागा मिळाली, पण तिथं जाणार कोण? शाळेत जागा असेल असं गृहीत धरून सगळे आधी शाळेतच येणार, फिरून फिरून वैतागणार आणि शेवटी लाल पट्ट्यावर उभे राहणार. म्हणून कुणी कुठं लावायची हे तिकिटावरच ठरवून टाकलं. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील, कडेवरचं मूल असेल किंवा गाडीला अपंगांचा परवाना असेल तर शाळा. पार्किंग आणि पंगतीवर काम करणारे स्वयंसेवकही शाळेत. बाकी सगळे चर्चकडं. धडधाकट माणसांना दूर पाठवलं म्हणून थोडी कुरकुर झाली. चालायचंच.

स्वयंसेवकांची नोंदणी हा भाग मी आधी कोरडा लिहिला होता, 'इच्छुकांनी नावं द्यावीत'. गेल्या वर्षी याच वाक्यावर नऊ नावं आली होती. अप्पांच्या काळी बोळात वर्गणीचं पावतीपुस्तक हातात द्यायचे आणि कुठली घरं ते सांगायचे. 'मदत कर' म्हटलं की माणूस पळतो, 'घर नंबर अकरा ते पंचवीस तुझी' म्हटलं की जातो. मी कामं तासांत कापली. साडेआठ ते दहा मखर. दहा ते साडेअकरा मागच्या फाटकाशी, नारंगी जाकीट घालून. बारा ते एक पहिल्या पंगतीचे वाढपी, एक ते दोन दुसऱ्या पंगतीचे. साडेचार ते सहा आवराआवर. प्रत्येक कामापुढं किती माणसं हवीत आणि किती झाली हे दिसत होतं. पहिल्या आठवड्यात ४१ नावं आली. आवराआवरीच्या रकान्यात दोन, त्यातलं एक माझं आणि एक माझ्या नवऱ्याचं, ते मीच टाकलेलं.

आवराआवर हे साधं काम नाही. शाळा सहापर्यंतच आपली, त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या तासाचे पैसे, आणि खुर्च्या सकाळी होत्या तशाच ठेवून जायच्या. तिथं हायस्कूलच्या मुलांनी वाचवलं. त्यांना समाजसेवेचे तास दाखवावे लागतात आणि नोंदणीकृत मंडळाची सही त्यावर चालते. निवेदनात एवढं लिहिलं की आवराआवरीचे दीड तास प्रमाणपत्रात धरले जातील, पालकांची संमती फॉर्मला जोडावी. चौदा मुलं आली. वाढप्यांसाठी अप्पांनी एकच अट घातली, त्यांचं जेवण आधी काढून ठेवायचं. "शेवटी वाढप्यालाच ठेवता तुम्ही खरकट्या भांड्यापाशी, मग पुढल्या वर्षी कोण येतंय?" त्यांच्यासाठी दोन वाजता वेगळी छोटी पंगत ठेवली आणि तसं निवेदनात छापलं.

तिकीट बंद करायची तारीख मी हवेतून काढली नव्हती. केटररला ताटांचा पक्का आकडा दहा दिवस आधी लागतो, नंतर कमी केला तरी पैसे लागतातच. ६ सप्टेंबरच्या दहा दिवस आधी २७ ऑगस्ट, म्हणजे चतुर्थीच. लोकांच्या लक्षात राहायला याहून सोपं काय? 'घरच्या गणपतीची रात्रीची आरती झाली की तिकीट बंद,' असं लिहिलं. दाराशी तिकीट नाही हे मात्र ठळक, आणि सुरुवातीलाच.

एवढं सगळं मोजून मापून मी जिथं आपटले ते ठिकाण अगदीच बाळबोध. विक्री रविवारी २० जुलैला सकाळी ९ वाजता सुरू होणार असं जाहीर केलं. तिकिटाच्या पानावर वेळही ९ टाकली. लॅपटॉप मात्र सोलापूरच्या घड्याळावर चालत होता. आमचं तिकडचं गाव उन्हाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागं असतं. पान उघडलं ते तिकडच्या शनिवारी रात्री साडेदहाला. मला कळलं ते आईला पाय वाकवायचा व्यायाम करून घेताना, फोन सारखा थरथरायला लागला तेव्हा. तोवर १३८ तिकिटं गेली होती, त्यातली बरीचशी अशा लोकांची जे रात्री जागे असतात आणि लिंक उघडून बघतात, म्हणजे तरुण, बिनमुलांचे. सकाळी नऊचा गजर लावून झोपलेली लेकुरवाळी घरं मागं राहिली, आणि पहिली पंगत तर निम्म्याहून जास्त भरली. दीड-दोन वर्षांच्या पोरांना सव्वाबाराचं जेवण लागतं, सव्वाचं नाही.

विकलेली तिकिटं रद्द करायची नाहीत, यावर आम्ही फोनवर एकमत केलं. पान लगेच बंद केलं आणि सकाळी नऊला, त्यांच्या नऊला, पुन्हा उघडलं. पहिल्या पंगतीच्या उरलेल्या जागा दोन दिवस फक्त पाच वर्षांखालच्या मुलांच्या आणि सत्तरीपुढच्या पाहुण्यांच्या घरांसाठी ठेवल्या. रात्री तिकीट घेतलेल्या सगळ्यांना मी निरोप पाठवला: चूक माझी आहे, तुमचं तिकीट पक्कं आहे, केशरीऐवजी हिरवी चालणार असेल तर कळवा. ३१ जणांनी बदलून घेतली. तेव्हापासून वेळेपुढं मी गावाचं नाव लिहिते, नुसते आकडे नाहीत.

शेवटी निवेदन एका पानाचं झालं. वरचा भाग असा होता, नावं आणि पत्ते सोडून:

'गणेशोत्सव, शनिवार ६ सप्टेंबर २०२५. दारं १० वाजता, आरती बरोबर ११ वाजता. तिकीट फक्त ऑनलाइन, बुधवार २७ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत. दाराशी तिकीट मिळणार नाही. पाच वर्षांखालील मुलांना मोफत, पण तिकीट घ्यावेच लागेल. गाडी: तुमच्या तिकिटावर "शाळा" असेल तर मागच्या रस्त्यावरच्या फाटकातून आत या, मॅपमध्ये खाली दिलेला फाटकाचा पत्ता टाका, शाळेचा नको. "चर्च" असेल तर थेट चर्चला जा, तिथून दर १५ मिनिटांनी गाडी आहे, शेवटची परतीची ५:३० वाजता. लाल पट्ट्यावर लावलेली गाडी उचलली जाईल. आजी-आजोबांना पुढच्या दाराशी उतरवता येईल, पण गाडी सोडून आत येऊ नका. घरून निरांजन, उदबत्ती, कापूर आणू नका. धुरानं गजर वाजला तर सगळी इमारत रिकामी करावी लागते. मंचावरच्या एका निरांजनाची परवानगी मंडळानं घेतली आहे.'

नमस्कार सगळ्यात खाली गेला.

ऑगस्टच्या मध्याला मी परतले. आई वॉकर सोडून काठीवर आली होती. बोळात संध्याकाळी पोरांच्या लेझमीचा सराव सुरू झाला होता, आणि अप्पांनी दहा जोड माझ्या बॅगेत घालायला लावले. सोलापूरच्या लेझमीशिवाय मिरवणूक म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. बॅगेचं वजन वाढलं म्हणून दोन चादरी आणि शेंगाचटणीचा एक डबा मागं राहिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ४८७ माणसं आली. लाल पट्टा रिकामा राहिला. फाटकाशी नारंगी जाकिटातली दोन पोरं तिकीट बघून गाड्या वळवत होती. आणि चर्चकडं मात्र ७० ऐवजी ५२ गाड्याच गेल्या, कारण फुटबॉलवाले अकरालाच निघून गेले आणि हे पाहून काही जणांनी आपापला निर्णय घेतला. बिनतिकिटाची दोन कुटुंबं आलीच, दीडशे मैलांवरून. राखलेल्या वीस खुर्च्यांतून त्यांना बसवलं. पुढच्या वर्षी यावर बोलणं होणार आहे.

दुसरी पंगत बसली तेव्हा अप्पांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं रात्रीचे पावणेबारा, मिरवणूक बोळाच्या तोंडाशी, मागं ढोल आणि लेझीम एकदम. त्यांना माझं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी फोन भोजनगृहाकडं फिरवला. ते ओरडून विचारत होते, "दुसऱ्या पंगतीला भात पुरला का?"

भात पुरला. कढी संपली होती.